मजूर वाढले, दिवसही वाढले

लातूर-नांदेडच्या पट्ट्यात सोयाबीनची काढणी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणून काळ-कामाचं गणित तिथल्याच शिवारातलं घेऊ. 12 मजूर एका शेतातलं सोयाबीन 10 दिवसांत कापतात, तर 15 मजूर तेच शेत किती दिवसांत कापतील? याचं एक ठरलेलं चुकीचं उत्तर आहे, साडेबारा दिवस. त्यात आकडेमोड चुकलेली नसते. 10 गुणिले 15 भागिले 12 हे साडेबाराच येतात. चूक असते ती त्याआधीच्या ओळीत. एकमान पद्धतीने सोडवताना वहीत लिहिलं जातं, ‘12 मजुरांना 10 दिवस, म्हणून 1 मजुराला 10 भागिले 12 दिवस.’ ही ओळ जरा थांबून वाचली तर कळतं की 10 भागिले 12 म्हणजे पुरता एक दिवससुद्धा नाही. बारा जणांना दहा दिवस पुरलेलं शेत एकटा माणूस दिवस मावळायच्या आत मोकळं करतो, असं ती ओळ सांगते आहे. खरं तर त्या एकट्याला 120 दिवस लागतील, आणि तेच काम 15 जणांत वाटलं की 8 दिवस. साडेबारा दिवस खरे मानले तर 15 मजुरांचे मिळून 187.5 मजूरदिवस होतात. शेत तेच आहे, मग हे वरचे साडेसदुसष्ट मजूरदिवस कुठल्या बांधावर खर्ची पडले?

वह्या आणि त्यांची किंमत, लिटर आणि पैसे अशी समचलनाची उदाहरणं आधी आणि पुष्कळ सोडवलेली असतात, त्यामुळे हात सवयीने तिरका गुणाकार करतो, असं याचं कारण सांगितलं जातं. ते खरं असलं तरी अपुरं आहे. ‘मजूर जास्त तर काम जास्त’ हे विद्यार्थ्याचं वाक्य मुळात खोटं नाहीच. दिवस तेवढेच ठेवले तर 15 मजूर 12 मजुरांपेक्षा जास्त एकर कापतील, आणि तिथे समचलनच आहे. गडबड अशी होते की एकरांबद्दलचं हे वाक्य तो दिवसांना लावतो. मजुरांची संख्या स्वतःहून समही नसते आणि व्यस्तही नसते. शेत तेच धरलं तर दिवस घटतात, दिवस तेच धरले तर एकर वाढतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त त्रैराशिकानंतर व्यस्तत्रैराशिक वेगळं मांडलं आणि एक राशी वाढली की दुसरी कुठे घटते ते पाहायला सांगितलं, ते याचसाठी. पण वाढतं की घटतं, हे सांगण्याआधी काय कायम आहे ते ठरवावं लागतं.

यावर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे म्हणतील की एवढा विचार करायला वेळ कुठे आहे? मजूर गुणिले दिवस गुणिले तास, भागिले काम, हे सूत्र पाठ आहे आणि उत्तर येतं. सूत्र निर्दोष आहे, हे मान्य. पण ‘उत्तर आलं’ हा पुरावा वाटतो तेवढा पक्का नाही. हे पाहा: 12 मजूर रोज 8 तास काम करून 10 दिवसांत 15 एकर कापतात, तर 16 मजूर रोज 6 तास काम करून 30 एकर किती दिवसांत कापतील? बरोबर रीतीने 20 दिवस येतात. आता मजूर आणि तास या दोन्हींना चुकून समचलन लावा. 10 गुणिले 16/12, गुणिले 6/8, गुणिले 2, म्हणजे पुन्हा 20! दोन चुकांनी एकमेकींना खोडलं, कारण 12 गुणिले 8 आणि 16 गुणिले 6 दोन्ही 96 होतात. असा विद्यार्थी पूर्ण गुण घेऊन जातो. त्याच प्रश्नात 6 ऐवजी 8 तास केले की चूक उघडी पडते. बरोबर उत्तर 15 दिवस, त्याचं येतं पावणेसत्तावीसच्या आसपास. गणित घालणाऱ्या शिक्षकांनी निदान असे खोडले जाणारे आकडे टाळावेत.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा असेल, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. शेतात असं व्यस्त प्रमाण चालतं कुठे? गुत्त्याने घेतलेल्या कापणीत ते बऱ्यापैकी चालतं, कारण प्रत्येकाच्या हातात आपला विळा आणि पुढे आपली ओळ असते. पण कापलेलं सोयाबीन रास करण्याआधी वाळावं लागतं, आणि ऊन काही मजुरांची संख्या मोजत बसत नाही. समजा पहिल्या उदाहरणातल्या 10 दिवसांत 8 दिवस कापणीचे आणि 2 दिवस वाळवणीचे आहेत. मग 16 मजूर लावल्यावर 120 भागिले 16 करून साडेसात दिवस म्हणणं चूक ठरतं. कापणीचे मजूरदिवस 12 गुणिले 8, म्हणजे 96. ते 16 जणांत 6 दिवसांत संपतात, आणि वाळवणीचे 2 दिवस तसेच राहतात. उत्तर 8 दिवस. साडेसात लिहिणाऱ्याने व्यस्त चलन ओळखलं खरं, पण वाळवणीलाही मजूर लावले.