पालक शिकवणीचे अ‍ॅप का घेतात?

पेडणे व डिचोली तालुक्यांतील अनेक मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीत इंग्रजी माध्यमात जातात. त्यांच्या पालकांस ‘अ‍ॅप कसे असावे?’ असे विचारल्यास ‘चांगले असावे’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून ज्यांनी नुकतेच पैसे भरले, त्यांच्याकडून त्या निर्णयाची हकीकत क्रमाने काढून घ्यावी: विचार प्रथम केव्हा आला, आधी काय करून पाहिले, ते कोठे अडले? समजा, एक आई सांगते की, मुलाला गणित येते. प्रश्नाचे इंग्रजी कळत नाही, आणि तिलाही ते समजावता येत नाही. अशीच हकीकत इतरांकडूनही आल्यास, आणखी चित्रफिती वाढविण्याऐवजी प्रश्नाखाली मराठी अर्थ देण्याचे काम प्रथम हाती घ्यावे. ‘मराठी हवे ना?’ या प्रश्नाला मिळालेला होकार मात्र पुरावा मानू नये; तो बहुधा भिडेपोटी दिलेला असतो.