सलाइनने तरतरी येते, पण आजार जात नाही
कुत्र्याच्या वारंवार होणाऱ्या उलट्या-जुलाबांमागे लपलेला अधिवृक्क ग्रंथींचा विकार

मालवण परिसरातील एखाद्या घरी घडू शकेल असा प्रसंग कल्पून पाहू. गणेशोत्सवात चाकरमानी आले, घर माणसांनी भरले, फटाके वाजले. पंधरा किलो वजनाच्या, चार वर्षांच्या कुत्रीने खाणे सोडले. दोन दिवस उलट्या आणि पातळ शौच झाले. मासळी बाधली असावी, असे घरच्यांना वाटले. डॉक्टरांनी सलाइन लावले आणि दुसऱ्या दिवशी ती शेपूट हलवत पेज प्यायली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच झाले. तिसऱ्या खेपेस तर तिला उभेही राहवेना.

आजार आणि बरे वाटणे यांची ही ये-जा हाच पहिला धागा होय. मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकांजवळ अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यांच्या बाहेरील थराचा नाश झाला की दोन संप्रेरके आटतात. अनेकदा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच हा नाश घडवते. अल्डोस्टेरॉन नसल्याने सोडियम लघवीवाटे वाहून जाते आणि पोटॅशियम रक्तात साचते. कॉर्टिसॉल नसल्याने भूक मंदावते, पोट बिघडते आणि गडबड-गोंगाटाचा ताणही सोसवत नाही. सलाइनमधून मीठ व पाणी मिळाल्याने तात्पुरती तरतरी येते. मूळ उणीव मात्र तशीच राहते. वैद्यकात याला हायपोॲड्रिनोकॉर्टिसिझम किंवा ॲडिसनचा आजार म्हणतात. माणसांमधील हाच विकार थॉमस ॲडिसन या इंग्रज वैद्याने १८५५ मध्ये वर्णिला.

आपल्या उदाहरणातील कुत्रीच्या रक्तात सोडियम १२८ आणि पोटॅशियम ७.१ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर निघाले. निरोगी कुत्र्यात हे आकडे साधारण १४० ते १५५ आणि ३.५ ते ५.५ या मर्यादेत असतात. सोडियमला पोटॅशियमने भागले असता १८ आले. हे गुणोत्तर २७ च्या खाली गेले की या विकाराचा संशय घ्यावा. सोबत क्रिएटिनिनही वाढलेले होते, आणि नेमकी येथेच मोठी चूक घडू शकते. सोडियम वाहून गेल्यामुळे या कुत्र्यांची लघवी पातळ होते. त्यामुळे सारे चित्र मूत्रपिंड निकामी झाल्यासारखे दिसते आणि घरचे आशा सोडतात. प्रत्यक्षात पाणी व रक्तदाब घटल्याने मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचत असते. उपचारांनी बहुधा ते आकडे खाली येतात.

आणखी एक खूण हाताला लागते. गळून गेलेल्या कुत्र्याची नाडी एरवी जलद चालते. या कुत्रीची नाडी मिनिटाला अवघी ५४ होती, कारण वाढलेले पोटॅशियम हृदयाची गती मंदावते. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूस बोटे ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजावेत व चाराने गुणावे. निपचित कुत्र्याची नाडी मंद असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

तथापि गुणोत्तर म्हणजे निदान नव्हे. आतड्यातील चाबूककृमी किंवा मूत्रमार्गातील अडथळा यांमुळेही असे आकडे येऊ शकतात. म्हणून शौचाची तपासणी हवी. उलटपक्षी, काही कुत्र्यांत केवळ कॉर्टिसॉल घटते आणि सोडियम-पोटॅशियम ठीक दिसते. निर्णायक चाचणी एसीटीएचची. प्रथम रक्त घेतात, कृत्रिम एसीटीएच टोचतात आणि तासाभराने पुन्हा रक्त घेतात. निरोगी ग्रंथी कॉर्टिसॉल वाढवून उत्तर देतात; या कुत्रीत दोन्ही वेळा ते १ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्याही खाली राहिले. ही चाचणी लगेच शक्य नसेल, तर साधे कॉर्टिसॉल तपासावे. ते २ च्या वर असल्यास हा आजार बहुतेक नसतोच. २ च्या खाली असल्यास मात्र पुढील चाचणी लागतेच. प्रेडनिसोलोन आधी दिले असल्यास ही मोजमापे फसवी ठरतात. म्हणून पूर्वीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट प्रत्येक डॉक्टरांना दाखवावेत.

निदानानंतर आधी शिरेवाटे सलाइन देऊन कुत्र्याला सावरतात. पुढे आयुष्यभर फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि अल्प मात्रेत प्रेडनिसोलोन द्यावे लागते. मात्रा डॉक्टरच ठरवतात आणि सोडियम-पोटॅशियम पुनःपुन्हा तपासून ती जुळवतात. कुत्रे धडधाकट दिसले म्हणून गोळी बंद केल्यास तेच संकट परत येते. उत्सव, प्रवास किंवा शस्त्रक्रिया यांच्या आधी प्रेडनिसोलोन किती वाढवायचे, हेही विचारून ठेवावे. औषधे नियमित राहिल्यास अशी बरीच कुत्री पुढील अनेक वर्षे सुखाने जगतात.

म्हणून पोटाचे तेच दुखणे दुसऱ्यांदा उलटले, तर डॉक्टरांना एकच प्रश्न अवश्य विचारावा: ‘सलाइन लावण्यापूर्वी हिचे सोडियम आणि पोटॅशियम तपासता येईल का?’