सहा लाखांच्या पॅकेजमधले हातात किती येतात?

पुण्यातल्या एखाद्या कंपनीचे ऑफर लेटर येते, त्यावर वार्षिक सीटीसी 6,00,000 रुपये असा आकडा असतो आणि घरातले सगळे बाराने भागून मोकळे होतात: महिना पन्नास हजार. त्या भरवशावर फ्लॅटचे भाडे ठरते, गाडीचा हप्ता ठरतो. पहिल्या पूर्ण महिन्याचा पगार जमा होतो तेव्हा खात्यात सदतीस हजारांच्या आसपासच रक्कम दिसते. कंपनीने फसवले, असे वाटते. बहुतेक वेळा तसे नसते. सीटीसी हा कंपनीला तुमच्यावर वर्षभरात येणारा एकूण खर्च असतो आणि त्यातला बराचसा पैसा महिन्याच्या पगारात येतच नाही.

हेच सहा लाख उलगडून पाहू. आधी व्हेरिएबल बाजूला काढा. समजा तो वर्षाला 60,000 आहे. तो कामगिरीवर अवलंबून असतो, कधी तिमाहीला तर कधी वर्षाअखेरीस मिळतो आणि पूर्ण मिळेलच याची खात्री नसते. उरले 5,40,000, म्हणजे महिन्याला 45,000.

आता बेसिक बघा, कारण पुढची मोठी वजावट त्याच्यावरच ठरते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणून आपण बेसिक सीटीसीच्या निम्मा, महिना 25,000 धरू. त्याच्या 12 टक्के, म्हणजे 3,000 रुपये, कंपनी तुमच्या नावाने भविष्य निर्वाह निधीत भरते. ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 1,202 रुपये धरले जातात. गटविम्याचा हप्ता 500 रुपये समजा. या तिन्ही रकमा 45,000 मधून वजा केल्या की 40,298 उरतात. हा तुमचा ग्रॉस पगार: 25,000 बेसिक, 10,000 घरभाडे भत्ता आणि उरलेला 5,298 विशेष भत्ता.

ग्रॉसमधून तुमच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ, पुन्हा 3,000, कापला जातो. महाराष्ट्रात या पगारावर व्यवसाय कर 200 रुपये, फेब्रुवारीत 300. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 75,000 रुपयांच्या प्रमाणित वजावटीनंतर करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत राहिले, तर सवलतीमुळे पगारावर आयकर लागत नाही. त्यामुळे टीडीएस शून्य. हातात येतात 37,098 रुपये. याच प्रणालीत घरभाडे भत्त्यावर करसवलतही नसते, म्हणून भत्ता घरभाड्याच्या नावाने आहे की विशेष, याने इथे खिशातल्या रकमेत फरक पडत नाही.

पन्नास हजारांतून गेलेल्या 12,902 रुपयांपैकी जवळपास निम्मे, म्हणजे 6,000, पीएफचेच आहेत, आणि हा पैसा तुमचाच आहे. मात्र तुम्ही कर्मचारी पेन्शन योजनेचे सदस्य असाल, तर कंपनीच्या 3,000 पैकी 1,250 रुपये त्या योजनेत जातात, म्हणून पासबुकात कंपनीच्या वाट्याचे 1,750 च जमा दिसतात. ते पाहून घाबरू नका.

पीएफच्या बाबतीत मात्र एक प्रश्न आधीच विचारायला हवा. कायद्याने सक्तीची पगारमर्यादा 15,000 रुपये आहे, म्हणून काही कंपन्या प्रत्येकी 1,800 रुपयेच भरतात. तसे झाले तर कंपनीच्या वाट्याचे वाचलेले 1,200 विशेष भत्त्यात येतात, तुमच्या वाट्याचे 1,200 कापले जात नाहीत आणि सीटीसी तोच असून हातात 39,498 पडतात. महिना 2,400 चा हा फरक पगारवाढ नव्हे. तेवढी बचत कमी झालेली असते. तरुण माणसाला मी पूर्ण बेसिकवर पीएफ घ्यायलाच सांगेन, मात्र घरखर्च खरोखर भागत नसेल तर गोष्ट वेगळी.

ग्रॅच्युइटीचे तसे नाही. ती नियमित कर्मचाऱ्याला साधारणपणे सलग पाच वर्षे नोकरी झाल्यावरच मिळते. दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याच्या सीटीसीत धरलेले महिन्याचे 1,202 रुपये त्याच्या हाती कधीच पडत नाहीत.

पहिली पगारस्लिप आली की वजावटीचा रकाना नीट वाचा. त्यात पीएफ 3,000 ऐवजी 6,000 दिसला, तर आधी ग्रॉसचा आकडा तपासा. ग्रॉस 43,298 असेल, तर कंपनीचा वाटा त्यात मिळवून पुन्हा वजा दाखवला आहे आणि हातात येणारी रक्कम तीच राहते. ग्रॉस 40,298 असूनही 6,000 कापले असतील, तर कंपनीचा वाटा तुमच्या पगारातून दुसऱ्यांदा गेला. मालकाचा वाटा कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल करायला कायद्याची मनाई आहे, म्हणून एचआरला त्याचा खुलासा लेखी मागा.