मीटर म्हणतो दीड व्होल्ट, मशिन म्हणते सेल संपले

पावसाळा लागला की खानापूर तालुक्यात सेलचा खप वाढतो. कणकुंबी, जांबोटी आणि भीमगडच्या अंगाच्या गावांत पाऊस झोडपू लागला की झाड तारांवर पडते, लाईट जाते आणि कधी परत येईल ते सांगता येत नाही. रानात अस्वलाचा वावर असल्यामुळे रात्री गोठ्याकडे जायचे तर हातात टॉर्च लागतेच. घरात म्हातारे माणूस असेल तर बीपीचे मशिनही सेलवरच चालवावे लागते. अशा वेळी मशिनचा पडदा उजळतो, आकडे दिसतात, पंप घुं करून सुरू होतो आणि दुसऱ्या क्षणी सगळे बंद पडते. सेल काढून मल्टिमीटर लावावा तर प्रत्येक सेल दीड व्होल्टच्या आसपास. मग दोष मशिनच्या माथी मारला जातो आणि ते बेळगावला दुरुस्तीला जाते. बहुतेक वेळा मशिनमध्ये काहीच बिघडलेले नसते.

मीटर खोटे बोलत नाही. त्याला जे विचारले तेवढ्याचेच तो उत्तर देतो. साध्या डिजिटल मीटरचा व्होल्टेज मोजतानाचा स्वतःचा रोध सहसा एक ते दहा मेगाओम असतो. दहा मेगाओमचा मीटर दीड व्होल्टच्या सेलमधून अँपिअरचा एक कोटीवा भाग, फार तर दीड भाग घेतो. सेलला काहीच काम पडत नाही. बीपीच्या मशिनचा पंप मात्र काही शे मिलिअँपिअर मागतो, म्हणजे मीटरच्या वीस-तीस लाख पट. नुसत्या मीटरने सेल तपासणे म्हणजे बैलाला गोठ्यात उभा पाहून त्याची ओढ ठरवणे.

सेलमधून काहीच करंट जात नसताना दिसणारे व्होल्टेज मुख्यतः आतल्या रसायनांवरून ठरते. नेहमीच्या सेलमध्ये एका बाजूला जस्त असते आणि दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड. ही पूड आपल्याला परकी नाही. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला मँगनीज डायऑक्साइड सेलसाठी नावाजलेला आहे आणि तिथे तो विद्युत पद्धतीने शुद्ध करण्याचा कारखानाही आहे. या दोन पदार्थांची जोडी जोवर शिल्लक आहे तोवर मोकळ्या सेलचे व्होल्टेज फारसे खाली येत नाही. हळूहळू ते घसरते खरे, पण सेल बराच वापरला गेला तरी मीटरवर १.४ च्या वरचा आकडा दिसू शकतो.

वापराने जे झपाट्याने बदलते ते वेगळेच. रासायनिक क्रियेतून तयार झालेला गाळ जस्ताभोवती आणि पुडीत साचतो, मधला ओला लगदा सुकत जातो आणि विद्युतभार वाहणाऱ्या आयनांची वाट अडते. याचा परिणाम असा होतो, की जणू सेलच्या आतच एक रोध बसवला आहे आणि तो दिवसेंदिवस मोठा होतो आहे. यालाच अंतर्गत रोध म्हणतात. करंट वाहू लागला की व्होल्टेजचा काही भाग या रोधावरच खर्ची पडतो. करंट नसेल तर खर्च शून्य, म्हणून मीटरला तो दिसतच नाही.

हे उघडे पाडायला दहा ओमचा, अर्ध्या वॉटचा एक रेझिस्टर पुरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात तो किरकोळ पैशांत मिळतो. पेन्सिल सेलच्या दोन टोकांना तो टेकवायचा आणि तो टेकलेला असतानाच मीटरची टोकेही सेललाच लावायची. सेलमधून साधारण दीडशे मिलिअँपिअर वाहू लागतात. पाच सेकंद आकड्याकडे बघत राहायचे. चांगला सेल १.५० वरून १.४२ वर येतो आणि तिथेच थांबतो. थकलेला १.४६ वरून एकदम १.२५ वर पडतो, मग १.१८, १.१३, १.१० असा डोळ्यांदेखत उतरत जातो. रेझिस्टर काढला की पुन्हा चढत १.४ च्या पुढे.

आता हेच चार सेल बीपीच्या मशिनमध्ये आहेत असे धरू: तीन चांगले, एक थकलेला. मोकळे व्होल्टेज आणि लोडखालचे व्होल्टेज यांतला फरक घ्यायचा, त्याला लोडखालच्या व्होल्टेजने भागायचे आणि दहाने गुणायचे, की अंतर्गत रोध मिळतो. चांगल्या सेलचा तो अर्ध्या ओमहून थोडा जास्त येतो, थकलेल्याचा सव्वातीन ओम. पंपाने ०.४ अँपिअर मागितले, की चांगला सेल सव्वादोन दशांश व्होल्ट आत गमावतो आणि १.२७ देतो. थकलेला १.३ व्होल्ट आतच गमावतो. त्याच्याकडे उरतात ०.१५. मीटरवर चौघांची बेरीज जवळजवळ सहा व्होल्ट होती, पंप फिरताना ती चारवर येते. पडदा उजळायला जेमतेम करंट लागतो म्हणून तो उजळला. पंपाच्या धक्क्याने व्होल्टेज कोसळले आणि मशिनने स्वतःला बंद केले. चारपैकी एकाच सेलने तिघांना बुडवले. म्हणून नवे-जुने, किंवा वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र घालू नयेत.

१.२ व्होल्टचा चार्ज होणारा निकेल सेल त्याच मशिनमध्ये कसा चालतो, असे अनेकांना वाटते. त्याचा अंतर्गत रोध ओमच्या काही शतांश भागांइतकाच असतो. पंपाने मागितले तरी तो १.२ च्या आसपासच राहतो. मीटरवर कमी दिसणारा हा सेल कामात मात्र थकलेल्या दीड व्होल्टच्या सेलपेक्षा सरस ठरतो.

गावात उतरलेले सेल उन्हात ठेवण्याची रीत आहे आणि त्यात तथ्यही आहे. ऊबेने आयनांची हालचाल सुधारते, विश्रांतीने साचलेला अडथळा थोडा पसरतो आणि रोध काही काळ कमी होतो. फ्रेंच रसायनज्ञ जॉर्ज लेक्लांशेने १८६६ मध्ये जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचा जो सेल बनवला, त्याचीही हीच गत होती. सलग वापरला की तो दमायचा आणि थांबला की सावरायचा, म्हणून तारयंत्र आणि दारावरची घंटा अशा थांबून थांबून चालणाऱ्या कामांत तो रुळला. पण उन्हाने खर्च झालेले जस्त परत येत नाही. तो सेल टॉर्चमध्ये थोडा वेळ उजेड देईल, रात्रभराचा भरवसा देणार नाही. कडक उन्हात किंवा आगीजवळ ठेवला तर तो गळूही शकतो.

एक सावधगिरी. मीटर अँपिअरच्या खाचेत घालून थेट सेलला लावण्याची सवय काहींना असते. तो सेलचा शॉर्टच असतो. लिथियमच्या सेलला असे केल्यास तो तापून पेट घेऊ शकतो. घड्याळातल्या चपट्या बटन सेललाही दहा ओमचा लोड लावू नये, त्याचा अंतर्गत रोध मुळातच जास्त असतो. काही मीटरवर `BATT` अशी खाच असते, पण अनेकांत ती सेलवर काही मिलिअँपिअरचाच भार टाकते. रिमोटसाठी तेवढे पुरते, पंपासाठी नाही.

सगळे सेल लोडखाली खरे उतरले आणि तरी मशिन बंदच पडत असेल, तर खानापूरच्या दमट हवेत संशय आधी स्प्रिंगांवर घ्यावा. त्यांच्यावर आलेला पांढरा-हिरवा थरही रोधच असतो, फक्त तो सेलच्या बाहेर असतो. मशिन चालू करून व्होल्टेज एकदा सेलच्या टोकांवर आणि एकदा स्प्रिंगच्या पलीकडे मोजावे. दोन्हींत फरक दिसला तर दोष तिथे. बारीक कानसपेपरने घासून स्प्रिंग चकचकीत करावी.

मृग लागण्याआधी बीपीच्या मशिनचे आणि टॉर्चचे सेल रेझिस्टर लावून एकदा तपासून घ्या. पेन्सिल सेल १.२ च्या खाली गेला तर पंपासाठी चारही बदला. काढलेला सेल गळत नसेल तर भिंतीवरच्या घड्याळात घाला. घड्याळ सरासरी मिलिअँपिअरच्या पाचव्या भागाहूनही कमी करंट घेते. तिथे तो आणखी कित्येक महिने चालतो.