नवं पान सरस असण्याची शक्यता किती?

समजा, रत्नागिरीची एक छोटी विक्रेती कोकम आगळ आणि आवळा सरबत ऑनलाइन विकते. जाहिरातीवर क्लिक केलं की ग्राहक तिच्या वेबसाइटच्या एका पानावर येतो. त्या पानावर बाटलीची किंमत आहे, पण पोचवण्याचा खर्च शेवटी, पैसे भरताना कळतो. तिने दुसरं पान केलं आणि त्यावर पोचवण्याच्या खर्चासकट किंमत सुरुवातीलाच लिहिली. येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला चिठ्ठी टाकल्यासारखं यातलं एकच पान दिसेल, अशी सोय केली. क्लिकला ८ रुपये पडतात. ८,००० रुपयांत १,००० माणसं आली, प्रत्येक पानाला ५००. जुन्या पानावर १५ ऑर्डरी आल्या, नव्यावर २२.

आता काय करायचं? रूढ संख्याशास्त्रीय चाचणी लावली तर पी-व्हॅल्यू ०.२४ च्या आसपास येते. म्हणजे दोन्ही पानं मुळात सारखीच असती, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात २४ वेळा निव्वळ योगायोगाने दिसला असता. ०.०५ च्या रूढ मर्यादेपुढे हा निकाल ‘सिद्ध झालं नाही’ असा वाचला जातो. सिद्ध करायचंच असेल तर आकडे मोठे लागतात. ऑर्डरींचं प्रमाण ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेलं, हे रूढ कसोटीने भरवशाने पकडायला प्रत्येक पानाला सुमारे ५,३०० माणसं हवीत. म्हणजे क्लिकचाच खर्च जवळपास ८५ हजार. एवढे पैसे तिच्याकडे नाहीत, आणि तिचा प्रश्नही तो नाही. तिला एवढंच ठरवायचंय, की उद्यापासून कोणतं पान ठेवायचं.

बेझियन वाचन याच प्रश्नाला हात घालतं. इंग्लंडमधले धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या निधनानंतर १७६३ मध्ये छापल्या गेलेल्या निबंधात त्याचं मूळ आहे. त्यातली कल्पना अशी, की पानाचं खरं प्रमाण आपल्याला ठाऊक नाही, पण कोणतं प्रमाण किती संभवतं हे हाती आलेल्या आकड्यांवरून मांडता येतं. ५०० पैकी १५ म्हणजे ३ टक्के खरं, पण खरं प्रमाण २ टक्के असूनही १५ ऑर्डरी येऊ शकतात, ४ असूनही येऊ शकतात. दोन्ही पानांसाठी असे पट्टे मांडायचे, प्रत्येक पट्ट्यातून एकेक आकडा उचलायचा आणि कोणता मोठा ते बघायचं. हे हजारो वेळा केल्यावर नवं पान जितक्या वेळा वरचढ ठरेल, ती त्याची जिंकण्याची शक्यता.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गूगल शीट्समध्ये हे तीन स्तंभ पुरतात:

```
A1: =BETA.INV(RAND(),16,486)
B1: =BETA.INV(RAND(),23,479)
C1: =IF(B1>A1,1,0)
```

कंसातले आकडे म्हणजे आलेल्या ऑर्डरी अधिक एक, आणि ऑर्डर न देता गेलेली माणसं अधिक एक. या तिन्ही ओळी १०,००० रांगांत खाली ओढा आणि C स्तंभाची सरासरी काढा. उत्तर ०.८७ च्या आसपास येतं. नवं पान जुन्यापेक्षा सरस असण्याची शक्यता ८७ टक्के.

इथेच बहुतेकजण थांबतात, आणि थांबू नये असं मला ठामपणे वाटतं. तो ‘अधिक एक’ निरुपद्रवी दिसतो, पण त्याचा अर्थ असा, की चाचणीआधी आपल्याला काहीच माहीत नव्हतं. प्रमाण १ टक्का असो की ९० टक्के, आपल्या लेखी सारखंच. हे खरं नाही. तिच्याकडे आधीच्या महिन्यांच्या नोंदी आहेत, आणि पान कसंही बदललं तरी प्रमाण बहुधा २ ते ४ टक्क्यांतच राहतं, हे त्यात दिसतं. ही माहिती आकड्यांत घालता येते. आधीच्या १,००० भेटींत ३० ऑर्डरी आल्या होत्या, असं धरून दोन्ही बाजूंना ३० आणि ९७० मिळवायचे. मग सूत्रात जुन्या पानासाठी 45,1455 आणि नव्यासाठी 52,1448 येतं. शक्यता ८७ वरून ७७ टक्क्यांच्या जवळ घसरते. आकडे तेच, पण ४.४ टक्क्यांपर्यंतची झेप या दुकानाला अनोळखी असल्यामुळे तिच्यावर जरा कमी विश्वास ठेवला गेला. छोट्या चाचणीत दिसणारी मोठी वाढ पुढे बरेचदा ओसरते, त्यामुळे मला हा दुसरा आकडाच जास्त प्रामाणिक वाटतो. मात्र हा पूर्वअंदाज चाचणीआधी कागदावर लिहून ठेवायला हवा. निकाल पाहून तो बदलला, तर हवा तो आकडा काढता येतो. आणि सरबताचा उन्हाळा पावसाळ्यातल्या चाचणीला पूर्वअंदाज म्हणून चालणार नाही.

शक्यता किती ते कळलं, तरी फरक किती ते कळत नाही. त्यासाठी त्याच शीटमध्ये दोन सरासऱ्या काढाव्यात. B वजा A ची सरासरी सुमारे ०.००४७, म्हणजे हजार भेटींमागे अंदाजे पावणेपाच जास्तीच्या ऑर्डरी. दुसरी सरासरी नुकसानीची: नवं पान जिथे हरतं तिथे कितीने हरतं ते मोजायचं, आणि जिथे जिंकतं तिथे शून्य धरायचं. ती येते हजार भेटींमागे एका ऑर्डरीहूनही कमी. नवं पान ठेवण्यात जोखीम किती, हे या दुसऱ्या आकड्यावरून समजतं.

बेझियन पद्धतीत रोज निकाल पाहिला तरी बिघडत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. दोन्ही गटांना एकच पान दाखवलं, तरी ‘अधिक एक’च्या पद्धतीत दर पाच चाचण्यांपैकी साधारण एकीत शक्यता ९० च्या वर किंवा १० च्या खाली जाते. रोज डोकावून ९० दिसताच थांबलं, तर असे फसवे विजय आणखी वाढतात. म्हणून किती दिवस चालवायचं ते आधीच ठरवावं, आणि तेही पूर्ण आठवड्यांत, कारण रविवारचा ग्राहक मंगळवारच्या ग्राहकासारखा वागत नाही.

शिवाय काही बिघाड कोणत्याच सूत्राला दिसत नाहीत. गट निम्मे-निम्मे ठरवले असताना ५६० आणि ४४० माणसं आली, तर वाटणीतच काहीतरी चुकलंय. तो निकाल वाचूच नये. जाहिरातीच्या प्लॅटफॉर्मवर दोन वेगळ्या जाहिराती लावून तुलना केली, तर प्लॅटफॉर्म प्रत्येकीला आपल्या मर्जीने वेगळा प्रेक्षक देतो, आणि मग आपण पानांऐवजी माणसांची तुलना करत बसतो. आपल्याकडे तर कॅश ऑन डिलिव्हरीचा मोठा प्रश्न आहे. ऑर्डर आली म्हणून मोजली आणि पार्सल आरटीओ होऊन परत आलं, तर विक्री शून्य आणि कुरिअरचा भुर्दंड वेगळा. त्यामुळे मोजायची ती पोचलेली ऑर्डर, भले निकालासाठी आणखी दहा-बारा दिवस थांबावं लागलं तरी.

आता तिचा निर्णय. पोचलेल्या ऑर्डरींचेही आकडे हेच निघाले असं धरू. नवं पान तयार आहे, ते ठेवायला खर्च नाही आणि उद्या काढताही येतं. अशा ठिकाणी ७७ टक्के पुष्कळ झाले. तिने नवं पान ठेवावं. पण हीच ७७ टक्क्यांची शक्यता आणि हीच वाढ २०,००० रुपयांच्या नव्या फोटोंबद्दल असती तर? एका ऑर्डरीत १५० रुपये सुटतात असं धरलं, तर हजार भेटींमागे अपेक्षित वाढीव नफा सुमारे ७०० रुपये होतो. महिन्याला दोन हजार भेटी असतील, तर फोटोंचे पैसे वसूल व्हायला चौदा-पंधरा महिने लागतील, आणि तिचे बाटल्यांचे लेबल त्याआधीच बदलायचे असतील तर ते कधीच वसूल होणार नाहीत.