उशिरा दिलेले पुरावे आणि पगारातली करकपात

जुन्या करपद्धतीत राहणारा नोकरदार एप्रिलमध्ये अंदाजे गुंतवणूक कळवतो आणि लेखा विभाग तो आकडा धरून दरमहा कर कापतो. जानेवारीत मात्र शब्दावर भागत नाही, ठरलेला फॉर्म भरून पावत्या जोडाव्या लागतात. ही मुदत बहुधा कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी ठरवलेली असते. ती हुकली तरी सवलतीचा हक्क जात नाही, फक्त कपात वाढते.

२०२४-२५ सालचे एक उदाहरण घेऊ. सर्व वजावटी धरून एका कर्मचाऱ्याचे करपात्र उत्पन्न ९ लाख होते. त्यावर सेससह वर्षाचा कर ९६,२०० रुपये, म्हणून डिसेंबरपर्यंतच्या नऊ महिन्यांत ७२,१५० रुपये कापले गेले. पीपीएफचे ७५,००० आणि मेडिक्लेमचे २५,००० यांच्या पावत्या वेळेत न पोचल्याने उत्पन्न १० लाख धरले गेले आणि कर १,१७,००० झाला. उरलेली रक्कम तीन महिन्यांत विभागल्यावर जानेवारीच्या पगारातून १४,९५० रुपये गेले. पगाराची स्लिप पाहिल्यावरच चूक लक्षात येते, ती अशी.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिलेली चिठ्ठी एवढी पुरते:

‘महोदया, पीपीएफ व आरोग्य विम्याच्या पावत्या मुदतीत देऊ शकलो नाही, दिलगीर आहे. दोन्ही रकमा डिसेंबरपूर्वीच भरलेल्या आहेत. सुधारित फॉर्म आणि पावत्या सोबत जोडल्या आहेत. फेब्रुवारी व मार्चची करकपात त्यानुसार बदलावी, ही विनंती.’

यातले दुसरे वाक्य सर्वांत कामाचे आहे: उशीर कागदाला झाला, गुंतवणुकीला नाही. पावतीवर ३१ मार्चपर्यंतची तारीख हवी, आणि मेडिक्लेमचा हप्ता रोखीने भरलेला नसावा, कारण रोख हप्त्यावर वजावट मिळत नाही.

विनंती मान्य झाली तर आधीची जादा कपात हातात परत येत नाही. ती सरकारकडे जमा होत असते. पण २०२४-२५ साली लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्याचे कलम १९२(३) त्याच वर्षातली कमीजास्त कपात पुढच्या पगारात जुळवून घेण्याची मुभा मालकाला देत होते. वरच्या उदाहरणात आतापर्यंत ८७,१०० रुपये कापले गेले, म्हणजे ९,१०० उरले. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येकी ४,५५० कापले की हिशेब मिटतो.

मार्चचा पगार निघून गेल्यावर लेखा विभागाला फारसे काही करता येत नाही. मग करकपातीच्या प्रमाणपत्रात जादा कपातच दिसते आणि या दोन वजावटी कर्मचाऱ्याने स्वतः विवरणपत्रात मागून परतावा घ्यायचा असतो. इथली मुदत मात्र कंपनीची नव्हे, कायद्याची असते. विवरणपत्र उशिरा भरले तर जुनी करपद्धत निवडता येत नाही आणि तिच्यासोबत या दोन्ही वजावटीही जातात.