राईट्सला पैसे भरायचे, बोनसला नाही. मग फरक काय पडतो?



या आठवड्यात फवारणीपेक्षा शेअरबद्दल जास्त फोन आले. "बोनस फुकट मिळतो, मग राईट्सला पैसे कशाला भरायचे?" हाच बहुतेकांचा प्रश्न. हिशेब करूनच बघू.

समजा कंपनीचे ५०० सभासद आहेत. प्रत्येकाकडे १०० रुपयांचे १० शेअर, म्हणजे एकूण शेअर ५,००० आणि भागभांडवल ५ लाख. शिवाय मागच्या नफ्यातून साठलेला राखीव निधी ५ लाख.

बोनस हा या राखीव निधीतूनच निघतो. संचालक मंडळ शिफारस करतं आणि सर्वसाधारण सभा ठराव करते. दोन शेअरमागे एक बोनस दिला तर तुमच्या १० चे १५ होतात, कंपनीचे ५,००० चे ७,५००. अडीच लाख राखीव निधीच्या खात्यातून भांडवलाच्या खात्यात जातात. बँकेत मात्र एक रुपयाही वाढत नाही. तरी तुमचा फायदा आहे, कारण आपल्यासारख्या उत्पादक कंपनीचा शेअर दुसऱ्या सक्रिय सभासदाला दर्शनी किमतीलाच देता येतो. १,००० ऐवजी आता १,५०० रुपये तुमच्या नावावर दिसतात.

राईट्समध्येही तेच प्रमाण धरा. तुम्ही ५०० रुपये भरता आणि १० चे १५ होतात. सगळ्यांनी भरले तर कंपनीकडे अडीच लाख रोख येतात, खरेदीला किंवा गोदामाला वापरता येतात. राखीव निधी जागेवरच राहतो.

खरी गोम पुढे आहे. समजा निम्म्याच लोकांनी पैसे भरले. एकूण शेअर ६,२५० झाले. भरणाऱ्याकडे १५, न भरणाऱ्याकडे १०च. दोन वर्षांनी कंपनीने सगळा ५ लाखांचा राखीव निधी बोनसमध्ये काढला, म्हणजे ५,००० शेअर, पाचामागे चार. भरणाऱ्याला १२ मिळाले, न भरणाऱ्याला ८. राईट्स झालाच नसता तर दोघांना १०-१० मिळाले असते. म्हणजे जुन्या नफ्यातले दोन शेअर न भरणाऱ्याकडून भरणाऱ्याकडे गेले, आणि त्याला कुणी काही विचारलंही नाही! राईट्स दर्शनी किमतीला असेल आणि राखीव निधी मोठा असेल, तर असंच होतं.

मतावर मात्र परिणाम नाही. शेअर १० असोत की २७, सभासदाला एकच मत.

हंगामात हात आखडलेला असेल तर भरू नका, सक्ती नाही. पण पत्रावरची शेवटची तारीख बघा. तोपर्यंत उत्तर दिलं नाही तर तुम्ही नकार दिला असंच धरतात, आणि ते शेअर कुणाला द्यायचे हे मंडळ ठरवतं. आणि बोनससाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आधी पत्र घेऊन ऑफिसला या.